परत आलेला ग्राहक कसा मोजावा : वडिवळ्याच्या इंद्रायणीचा हिशेब

कामशेतजवळ कुंडली नदीवर वडिवळे धरण आहे. त्याच्या आसपासच्या नाणे मावळातल्या खाचरांत पावसाळ्यात भात असते, आणि या भातात इंद्रायणीचा मान मोठा. हे वाण इथलेच आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ इथल्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ते तयार केले आणि १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांच्या हाती आले. आज मावळातले कितीतरी शेतकरी आणि बचत गट भात व्यापाऱ्याला न घालता स्वतः भरडून घेतात, पाच-दहा किलोच्या पिशव्या भरतात आणि तळेगाव, निगडी, चिंचवडच्या सोसायट्यांत व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन पोचवतात.

या विक्रीची वही बहुतेकांकडे असते. महिन्याला किती पिशव्या गेल्या, किती पैसे आले, हे तिच्यातून लगेच सांगता येते. ज्याने एकदा तांदूळ नेला तो पुन्हा आला का, हे मात्र तिच्या बेरजेत दिसत नाही. रोज नवी गिऱ्हाइके जोडली जात असतील तर जुनी गळत असतानाही बेरीज वाढत राहते. उलटेही घडते : एखाद्या महिन्यात नवे लोक कमी आले म्हणून बेरीज घसरते आणि जुने टिकून असताना आपण घाबरतो. हे दोन्ही वेगळे करून दाखवणारा तक्ता म्हणजे कोहॉर्ट रिटेन्शन टेबल. पहिली खरेदी एकाच महिन्यात केलेल्या ग्राहकांचा एक गट धरायचा आणि पुढच्या प्रत्येक महिन्यात त्या गटातले किती जण परत आले ते मोजायचे. याला संगणकाची पदवी लागत नाही. एक्सेल किंवा गूगल शीट्स आणि नीट भरलेली वही पुरते.

हा तक्ता कसा करायचा आणि कसा वाचायचा, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, वडिवळ्यातला एक बचत गट डिसेंबर २०२४ पासून पाच किलोच्या पिशव्या थेट विकतो आहे आणि जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात हिशेबाला बसला आहे. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. गोळाबेरीज जमावी म्हणून ते लहान ठेवले आहेत.

आधी वही साफ करा

तक्त्याला प्रत्येक ऑर्डरच्या दोनच गोष्टी हव्यात : तारीख आणि ग्राहकाची ओळख. ओळखीसाठी नाव चालत नाही. ‘कुलकर्णी काकू’ वहीत तीन असतात, आणि एकाच ताईंचे नाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले असते. मोबाइल क्रमांक बरा, पण तोही कधी +91 लावून, कधी मध्ये जागा सोडून, कधी सुरुवातीला शून्य घालून लिहिलेला असतो. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. मग परत आलेला ग्राहक नवा म्हणून मोजला जातो आणि जुना गळाला असे दिसते. म्हणजे एका चुकीने तक्ता दोन ठिकाणी बिघडतो.

म्हणून `Orders` नावाच्या पानावर A रकान्यात तारीख घाला, वहीतला क्रमांक जसाच्या तसा G मध्ये ठेवा आणि B मध्ये त्याचे शेवटचे दहा अंक काढून घ्या :

```
B2: =RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(G2," ",""),"-",""),10)
```

क्रमांक साफ झाला तरी एक प्रश्न उरतो : ग्राहक म्हणजे कोण? तांदूळ घर खाते, माणूस नाही. मार्चमध्ये पत्नीच्या फोनवरून ऑर्डर आली आणि मेमध्ये पतीच्या, तर घर एकच आहे. सोसायट्यांत याच्या उलटही घडते. एकच ताई दहा घरांच्या पिशव्या आपल्या नावावर मागवतात. वहीत एक ग्राहक दिसतो, पण त्यातली सात घरे पुढच्या वेळी आली नाहीत तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. डिलिव्हरी देताना इमारत आणि फ्लॅट क्रमांक लिहून ठेवला तर दोन्ही गोष्टी सोडवता येतात. एका फ्लॅटचे दोन क्रमांक असतील तर G मध्ये दोन्हीकडे एकच क्रमांक घाला. सामाईक ऑर्डर असेल तर घराघराची वेगळी ओळ करा आणि प्रत्येक ओळीच्या G मध्ये त्या घराचाच क्रमांक घाला.

दुसरी अडचण तारखेची. गूगल शीट्सचे लोकेल अमेरिकेचे राहिले असेल तर 05/03/2025 हा ५ मार्च न राहता ३ मे होतो आणि 25/03/2025 ही तारीखच धरली जात नाही, नुसता मजकूर म्हणून पडून राहते. फाइलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारताचे करा आणि तारखा पुन्हा भरा. जुन्या भरलेल्या तारखा तपासायला `=ISNUMBER(A2)` लिहून खाली ओढा. जिथे FALSE येईल ती तारीख मजकूर आहे. पण ज्या तारखांत दिवस आणि महिना गुपचूप अदलाबदल झाले त्या इथे पकडल्या जात नाहीत. त्यांची खूण वेगळी : अजून न उजाडलेल्या महिन्यांत ऑर्डरी दिसतात.

रद्द झालेल्या ऑर्डरी आणि फुकट दिलेला नमुना आधीच काढून टाका. पैसे देऊन घेतलेली पहिली पिशवी, तीच पहिली खरेदी.

तीन रकाने, मग तक्ता

आता प्रत्येक ऑर्डरला तीन गोष्टी जोडायच्या. D मध्ये त्या ग्राहकाच्या पहिल्या खरेदीचा महिना, E मध्ये ही ऑर्डर त्या महिन्यापासून कितव्या महिन्यात पडते ते, आणि F मध्ये एक खूण : या ग्राहकाची या महिन्यातली ही पहिलीच ओळ असेल तर १, नाहीतर ०. ही खूण फार कामाची आहे. एकाच ताईंनी मार्चमध्ये तीन वेळा मागवले तरी मार्चमध्ये परत आलेली माणसे एकच. आपण माणसे मोजतो आहोत, पिशव्या नाही.

```
D2: =EOMONTH(MINIFS(A:A,B:B,B2),-1)+1
E2: =(YEAR(A2)-YEAR(D2))*12+MONTH(A2)-MONTH(D2)
F2: =IF(COUNTIFS(B$2:B2,B2,E$2:E2,E2)=1,1,0)
```

डिसेंबरमध्ये पहिली खरेदी आणि ही ऑर्डर फेब्रुवारीची, तर E मध्ये २ येतो. पहिल्या खरेदीचा महिना स्वतः शून्य. MINIFS हे सूत्र एक्सेल २०१९ पासून पुढे आहे. गूगल शीट्समध्ये ते आहेच.

दुसरे पान `Table`. A1 मध्ये शेवटच्या पूर्ण झालेल्या महिन्याची पहिली तारीख घाला, आपल्या उदाहरणात 01/05/2025. B1 पासून उजवीकडे 0, 1, 2 असे आकडे लिहा. A2 पासून खाली गटांचे महिने, प्रत्येक महिन्याची पहिली तारीख. मग B2 मध्ये हे लिहून उजवीकडे आणि खाली ओढा :

```
=IF(EDATE($A2,B$1)>$A$1,"",SUMIFS(Orders!$F:$F,Orders!$D:$D,$A2,Orders!$E:$E,B$1))
```

उदाहरणातला तक्ता असा उभा राहतो. डावीकडे पहिल्या खरेदीचा महिना, वर त्यानंतरचे महिने, आतल्या प्रत्येक चौकटीत माणसे :

| गट | ० | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|---|
| डिसेंबर २०२४ | ४० | ६ | १० | ७ | ९ | ८ |
| जानेवारी २०२५ | ३० | ५ | ८ | ६ | ७ | |
| फेब्रुवारी | २४ | ५ | ९ | ७ | | |
| मार्च | २० | ६ | १० | | | |
| एप्रिल | ५० | ४ | | | | |
| मे | २५ | | | | | |

तक्ता बरोबर आला की नाही, हे तपासायचा एक खात्रीचा मार्ग आहे. मे महिन्याच्या चौकटी तक्त्यात तिरक्या पडतात : डिसेंबर गटाचा पाचवा महिना, जानेवारी गटाचा चौथा, असे करत खाली मे गटाच्या शून्यापर्यंत. त्यांची बेरीज करा : ८, ७, ७, १०, ४ आणि २५, एकूण ६१. मूळ वहीत मेमध्ये माल घेतलेली वेगवेगळी घरे मोजा. तीही ६१ च निघाली पाहिजेत. एखादा-दुसऱ्याचा जरी फरक पडला तरी कुठेतरी तारीख किंवा क्रमांक चुकला आहे. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

रिकामी चौकट आणि शून्य

एप्रिलच्या गटापुढे दुसऱ्या महिन्याची चौकट रिकामी आहे. एप्रिलपासून दुसरा महिना जून, आणि जून अजून संपलेला नाही. तिथे शून्य लिहिले तर ‘पन्नासांपैकी कोणीच आले नाही’ असा अर्थ होतो, आणि तो खोटा आहे. अजून वेळच आलेली नाही. वरच्या सूत्रातला पहिला भाग एवढ्याचसाठी आहे. अर्धवट महिनाही तसाच. जूनच्या सात तारखेला जूनचे आकडे तक्त्यात घेतले तर प्रत्येक गटाची शेवटची चौकट पडलेली दिसते आणि सगळा धंदा एकदम बसल्यासारखा वाटतो. म्हणून महिना पूर्ण झाल्यावरच A1 मधली तारीख पुढे सरकवा.

टक्के काढताना भागाकार नेहमी गटाच्या मूळ संख्येने करायचा, आधीच्या महिन्याच्या संख्येने नाही. डिसेंबर गटाचे दुसऱ्या महिन्यात १० आले, तर ४० पैकी १०, म्हणजे २५ टक्के. वेगळ्या पानावर त्याच जागी हे सूत्र लिहा :

```
=IF(Table!B2="","",Table!B2/Table!$B2)
```

सगळ्या गटांची मिळून सरासरी काढतानाही रिकाम्या चौकटी फसवतात. दुसऱ्या महिन्याच्या रकान्यात चारच गट आहेत. त्यांतून परतलेले १०, ८, ९ आणि १०, मिळून ३७. या चार गटांची मूळ संख्या ११४. म्हणून उत्तर साधारण साडेबत्तीस टक्के. पण घाईत कोणी ३७ ला सगळ्या १८९ ग्राहकांनी भागले तर वीसच्याही खाली येते. यात एप्रिल-मेचे ७५ जण विनाकारण ‘न आलेले’ ठरतात. भाजकात तेवढेच गट घ्या, ज्यांच्यासाठी तो महिना पूर्ण झाला आहे.

तक्ता तीन दिशांनी वाचा

तिरके वाचले की बेरजेमागचे खरे चित्र दिसते. एप्रिलमध्ये माल घेणारी घरे ८० होती आणि मेमध्ये ६१. नुसती वही पाहणारा म्हणेल, धंदा पडला. पण एप्रिलच्या ८० मध्ये नवे ५० आणि जुने ३० होते, तर मेच्या ६१ मध्ये नवे २५ आणि जुने ३६. जुन्या ग्राहकांची संख्या जानेवारीपासून दर महिन्याला वाढलीच आहे : ६, १५, २०, ३०, ३६. एप्रिलमध्ये नव्यांची लाट आली आणि ओसरली, एवढेच घडले आहे.

आडवे वाचले की एका गटाचा प्रवास दिसतो. डिसेंबरची ओळ पाहा : ६, १०, ७, ९, ८. साबण किंवा चहाच्या तक्त्यात पहिला महिना सर्वात वरचा आणि पुढे उतरण असते. इथे पहिला महिना सर्वात खाली आहे. कारण साधे आहे. शहरातले चौघांचे घर पाच किलो इंद्रायणी महिन्यात संपवेलच असे नाही. त्याच घरी पुलावासाठी बासमती असतो, रोजच्या वरणभाताला कधी कोलम असतो, पोळ्या असतात. पिशवी दोन महिने जाऊ शकते. तेव्हा पहिल्या महिन्याचे पंधरा टक्के पाहून ‘पंच्याऐंशी टक्के लोक तुटले’ म्हणणे चूक आहे. त्यांची पिशवीच अजून संपलेली नाही. ज्या मालाची पिशवी दोन महिने पुरते, त्याचा निकाल दुसऱ्या महिन्याच्या आत लागत नाही.

म्हणून तांदळासारख्या मालाला तक्त्याशेजारी आणखी एक आकडा हवा : दोन महिन्यांच्या आत किमान एकदा परत आलेली घरे. तो पहिला आणि दुसरा महिना मिळवून काढता येत नाही, कारण काही घरे दोन्ही महिन्यांत आलेली असतात. डिसेंबर गटाच्या पाच महिन्यांची बेरीज चाळीस होते आणि गटही चाळीसचा आहे, म्हणून सगळे परत आले असे थोडेच आहे! नियमित येणारी घरे त्यात पुन्हा पुन्हा मोजली गेली आहेत. वही तारखेप्रमाणे लावून `Orders` च्या H रकान्यात प्रत्येक घराच्या पहिल्या परतीवर खूण करा आणि मग ती मोजा :

```
H2: =IF(AND(E2>=1,COUNTIFS(B$2:B2,B2,E$2:E2,">=1")=1),1,0)

=SUMIFS(Orders!$H:$H,Orders!$D:$D,$A2,Orders!$E:$E,"<=2")
```

दुसरे सूत्र `Table` पानावर गटाच्या ओळीत लिहायचे. समजा उत्तरे अशी आली : डिसेंबर ४० पैकी १४, जानेवारी ३० पैकी ११, फेब्रुवारी २४ पैकी १२, मार्च २० पैकी १३. एप्रिल आणि मेला हा आकडा अजून लागू नाही, त्यांचे दोन महिने भरायचे आहेत.

उभे वाचले की गटागटांतला फरक कळतो, आणि सुधारणा झाली की नाही याचे उत्तर इथेच मिळते. दुसऱ्या महिन्याचा रकाना वरून खाली : २५ टक्के, २७, ३८, ५०. दोन महिन्यांत किमान एकदा परतलेले : ३५ टक्के, ३७, ५०, ६५. डिसेंबरमध्ये पहिल्यांदा चव घेतलेल्यांपेक्षा मार्चमध्ये घेतलेले जास्त परतले. विकणारे तेच, खाचर तेच, भात त्याच सुगीचा. मग बदलले काय?

कारण तक्त्याबाहेर असते

मावळात भाताची कापणी ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात होते. डिसेंबरात विकलेला तांदूळ नवा असतो. नवा तांदूळ शिजताना पाणी कमी घेतो आणि चिकट होतो. जुना झाला की पाणी जास्त मागतो आणि मोकळा होतो. इंद्रायणी मुळातच मऊ आणि थोडी चिकट, त्यात तांदूळ नवा, आणि शहरातली गृहिणी कुकरला कोलमच्या सवयीने दुप्पट पाणी घालते. भात गिच्च होतो. गावात हे सर्वांना ठाऊक असल्याने कोणी सांगत नाही. चिंचवडच्या घरात मात्र ‘तांदूळ बरा नव्हता’ एवढेच लक्षात राहते. मार्चपर्यंत तोच तांदूळ चार महिने मुरलेला असतो.

हे कारण पटण्यासारखे आहे, पण तक्त्याने ते सिद्ध केलेले नाही. दुसरेही शक्य आहे. डिसेंबरात गावाकडून नवा तांदूळ आलेली बरीच घरे असतात, ती पुन्हा विकत का घेतील? मार्चचे ग्राहक आधीच्या समाधानी ग्राहकांनी पाठवलेले असू शकतात, आणि ओळखीने आलेला माणूस जास्त टिकतो. तक्ता कुठे विचारायचे ते दाखवतो. विचारावे आपल्यालाच लागते. डिसेंबर गटातल्या न परतलेल्या दहा-बारा घरांना फोन करा. ‘परत का घेतला नाही’ असे विचारले तर लोक संकोचाने काहीतरी सांगून वेळ मारून नेतात. त्यापेक्षा ‘भात कसा झाला होता, पाणी किती घातले होते’ असे विचारा.

संख्या लहान असल्याचेही भान हवे. मार्चच्या गटात वीसच घरे आहेत. एक घर इकडचे तिकडे झाले की पाच टक्के हलतात. वीसपैकी दहा परतले तेव्हा संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने खरा दर ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. चाळीसपैकी दहाचा दर १४ ते ४० मध्ये. हे दोन पट्टे एकमेकांवर येतात, म्हणजे केवळ डिसेंबर आणि मार्च ताडून पैज मारण्यात अर्थ नाही. गट लहान असतील तर शेजारचे महिने एकत्र करा. डिसेंबर-जानेवारीचे ७० पैकी १८, म्हणजे २६ टक्के. फेब्रुवारी-मार्चचे ४४ पैकी १९, म्हणजे ४३ टक्के. चार गट ओळीने एकाच दिशेला चढत जातात, यालाही वजन आहे. टक्क्यांच्या शेजारी मूळ संख्या नेहमी छापा, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः तोलता येते.

पहिल्या गटाबद्दल एक जास्तीची सावधगिरी. डिसेंबर २०२४ च्या आधीही या बचत गटाची थोडीफार विक्री कागदी वहीवर झालेली असेल, तर डिसेंबरच्या चाळीसात काही जुनी गिऱ्हाइके ‘नवी’ म्हणून शिरलेली असणार. जुने लोक जास्त परततात, म्हणजे खऱ्या नव्यांचा दर पंचवीस टक्क्यांहूनही कमी असेल. जुन्या वहीतून निदान प्रत्येक घराची पहिली तारीख तरी आधी भरून घ्या.

एप्रिलचे पन्नास

एप्रिलचा गट सर्वात मोठा आणि पहिल्या महिन्यात सर्वात कमी परतलेला : ५० पैकी ४, आठ टक्के. चैत्रात कार्ल्याला एकवीरा देवीची यात्रा भरते. समजा, विकणाऱ्या बचत गटाने तेव्हा रस्त्याकडेला टेबल मांडले होते. ऑर्डर कुठून आली हे लिहिलेले असेल तर पन्नासांचे दोन भाग पाडा. टेबलावरून घेणारे ३४, त्यांतला १ परतला. सोसायट्यांतले नवे १६, त्यांतले ३ परतले. म्हणजे सोसायट्यांतला दर १९ टक्के, जवळपास फेब्रुवारीच्या गटाइतकाच. तांदूळ बिघडलेला नाही, ग्राहकांचा प्रकार बदलला आहे. यात्रेला येणाऱ्यांत मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी-आगरी भाविक मोठ्या संख्येने असतात. उरण-अलिबागचा माणूस परत मागवेल कसा, तिथवर तुमची डिलिव्हरीच नाही.

त्यावर निर्णय दोन असू शकतात. टेबलाची विक्री ही एकदाचीच विक्री धरून तिचा नफा जागच्या जागी बघायचा आणि ती ओळ वेगळ्या तक्त्यात ठेवायची. किंवा कुरिअरचा खर्च परवडेल अशी दहा किलोची पिशवी करून त्या लोकांना मागवायची सोय द्यायची. काहीही ठरवा, पण दोन वाटांचे ग्राहक एका ओळीत मिसळू नका. म्हणूनच वहीत ‘ऑर्डर कुठून’ हा रकाना पहिल्या दिवसापासून हवा. मागाहून तो आठवणीने भरता येत नाही.

तक्त्याची एक मर्यादा शेवटी सांगायला हवी. तो कॅलेंडरच्या महिन्यांवर चालतो. ३ डिसेंबरला पिशवी नेऊन २८ डिसेंबरला दुसरी नेणारे घर शून्याच्याच चौकटीत राहते, परतलेले दिसत नाही. तर ३० डिसेंबरला पहिली आणि २ जानेवारीला दुसरी नेणारे पहिल्या महिन्यात परतलेले ठरते. हा फरक खटकत असेल तर E मध्ये महिन्याऐवजी पहिल्या खरेदीपासून दिवस मोजा आणि त्यांचे साठ-साठ दिवसांचे टप्पे करा. दोन महिने पुरणाऱ्या पिशवीला तेच जास्त शोभते :

```
E2: =ROUNDUP((A2-MINIFS(A:A,B:B,B2))/60,0)
```

यात पहिल्या दिवसाची खरेदी ० आणि त्यानंतरच्या साठ दिवसांत कधीही आलेले घर १ मध्ये पडते. मात्र महिन्यांसाठी केलेला रिकाम्या चौकटीचा नियम इथे चालत नाही. गटातल्या शेवटच्या ग्राहकाचा टप्पा भरल्याशिवाय ती चौकट वाचू नका.

पुढच्या सुगीची तयारी या तक्त्यावरून अशी होते. डिसेंबर २०२५ च्या पिशव्यांपैकी निम्म्यांत एक चिठ्ठी घाला : तांदूळ नवा आहे, नेहमीपेक्षा पाणी कमी घाला. किती कमी, ते आधी आपल्याच चुलीवर मापून लिहा. निम्म्या पिशव्या चिठ्ठीशिवाय जाऊ द्या. कोणाला चिठ्ठी द्यायची हे ओळखीवर ठरवू नका. ऑर्डरी येतील त्या क्रमाने एक सोडून एक द्या आणि वहीत खूण करा. जमले तर काही पोती मागे ठेवून मार्चमध्ये विका. मग चिठ्ठीवाला आणि चिठ्ठीशिवायचा, असे डिसेंबरचे दोन गट तक्त्यात दोन ओळींत उतरवा. त्यांचा दुसरा महिना फेब्रुवारी २०२६, म्हणून उत्तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळेल, त्याआधी नाही. पाणीच कारण असेल तर चिठ्ठीवाली ओळ दुसऱ्या रकान्यात वर चढलेली दिसेल. दोन्ही ओळी सारख्याच राहिल्या तर चिठ्ठी छापणे थांबवा आणि डिसेंबरच्या घरांना पुन्हा फोन लावा.